तीन ऑक्टोबरची नोंद

बरीच वर्षं मी एक गोष्ट छातीठोकपणे सांगत आलो. चेन्नईच्या जॉर्जटाऊनमध्ये, तंबू चेट्टी स्ट्रीटवर काळिकांबाळ देवीचं देऊळ आहे. तिथे ३ ऑक्टोबर १६७७ या दिवशी शिवाजी महाराज वेष पालटून आले, त्यांनी देवीचं दर्शन घेतलं आणि इंग्रजांना पत्ता लागायच्या आत ते निघूनही गेले. पुण्याहून, नागपूरहून कोणी नातेवाईक रामेश्वरला किंवा तिरुपतीला निघाले आणि वाटेत आमच्याकडे उतरले, की मी त्यांना हमखास त्या देवळात नेत असे. देवळात ही तारीख लिहिलेली आहे. ती वाचून पाहुण्यांचे डोळे भरून येत, आणि त्यांच्याबरोबर माझेही.

ती गोष्ट खोटी आहे असं मी आज म्हणत नाही आणि खरी आहे असंही म्हणत नाही. या एवढ्याशा जागेवर येऊन उभं राहायला मला फार वेळ लागला. मधल्या काळात मी दोनदा चुकीच्या बाजूला गेलो, आणि दोन्ही वेळा तितक्याच खात्रीने.

आधी माझ्या मनाची स्थिती सांगतो. परमुलखात राहणाऱ्या माणसाला आपल्या माणसाची एखादी खूण सापडली की तो ती घट्ट धरून ठेवतो. तमिळ मी कामापुरतं शिकलो, शेजारी चांगले मिळाले, मुलं इथलीच झाली. तरी या शहरात आपलं असं काय, हा प्रश्न मनात असायचा, आणि तंबू चेट्टी स्ट्रीटवरचं ते देऊळ हे त्याचं उत्तर होतं. त्यामुळे कोणी शंका घेतली की मला ती इतिहासाबद्दलची शंका वाटायची नाही, माझ्या इथल्या असण्यावरच कोणी बोट ठेवल्यासारखं वाटायचं. एकदा भाच्याने सरळ विचारलं, "मामा, याला पुरावा काय?" मी त्याला सगळ्यांसमोर झिडकारलं. प्रश्न साधा होता आणि त्याला साधं उत्तर द्यायला हवं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. महाराजांचा आणि मद्रासचा संबंध दाखवणारी एक पक्की, कागदावरची हकीकत मला त्याच सुमारास ठाऊक झाली होती, आणि ती मी कुणालाच सांगत नव्हतो.

हेन्री डेव्हिसन लव्ह याचं 'व्हेस्टिजेस ऑफ ओल्ड मद्रास' नावाचं तीन खंडांचं पुस्तक आहे, १९१३ साली निघालेलं. सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इंग्रजांनी आपल्या बैठकांच्या ज्या वह्या ठेवल्या, त्यांतले उतारे त्यात भरपूर आहेत. पहिल्या खंडात मे १६७७ ची एक नोंद आहे. महाराज तेव्हा दक्षिणेच्या स्वारीवर होते. भागानगरला कुतुबशहाशी मैत्री करून, श्रीशैल करून ते खाली कर्नाटकात उतरले होते आणि जिंजीकडे निघाले होते. १४ मेला किल्ल्यात त्यांचं पत्र पोचलं. ते घेऊन एक ब्राह्मण आणि बरोबर दोन माणसं आली होती. ज्या माणसाने तेरा वर्षांपूर्वी सुरत लुटली आणि त्याही आधी राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांना कैद केलं, त्याचं पत्र आहे म्हटल्यावर किल्ल्यातल्या मंडळींना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. पण पत्रात खंडणीची मागणी नव्हती आणि धमकीही नव्हती. महाराजांनी मागितले होते औषधी खडे आणि विषावरचे उतारे. त्यांची किंमत देऊ, असंही लिहिलं होतं.

मी ते वाचलं आणि मला अवघडल्यासारखं झालं. विषावरचे खडे? जिंजी घ्यायला निघालेला राजा इंग्रजांकडे असलं काही मागतो? मला हवे असलेले महाराज त्या पत्रात नव्हते, म्हणून मी पान उलटलं. पाहुण्यांना मी वेष पालटून आलेल्या राजाची गोष्ट सांगत राहिलो, जिच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. आणि ज्या पत्राची तारीखवार नोंद होती, ते दडवून ठेवलं. महाराजांना सांभाळून घेण्याची गरज आहे असं मला वाटावं, यात त्यांच्याबद्दलचा आदर नव्हता. माझी समज तोकडी होती.

त्या खड्यांचा त्या काळी काय अर्थ होता, हे शोधायला मी नंतर बसलो. शेळीसारख्या जनावरांच्या पोटात थरावर थर साचून एक गुळगुळीत खडा तयार होतो. तो विष उतरवतो अशी इराणपासून युरोपपर्यंत सगळ्यांची श्रद्धा होती आणि मोठे मोठे राजे तो जवळ बाळगत. गोव्याचे जेझुइट पाद्री अशा खड्यांची पूड, कस्तुरी, अंबर, कुटलेली रत्नं असं सगळं एकत्र मळून गोळे करत आणि वर सोन्याचा वर्ख लावत. ते 'गोव्याचे खडे' म्हणून परदेशी जात. पाण्यात खरवडून प्यायचे. तिसरी वस्तू म्हणजे दर्यायी नारळ. फकिरांच्या हातात काळं, होडीच्या आकाराचं भिक्षापात्र असतं, ते याच नारळाचं. मालदीवच्या किनाऱ्यावर तो समुद्रातून वाहत येई. त्याचं झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. ते पाण्याखाली वाढतं असंही लोक मानत. ते झाड सेशेल्स बेटांवर उगवतं हे युरोपियनांना कळलं १७६८ साली, म्हणजे या पत्रानंतर नव्वदएक वर्षांनी. विषावरचे उतारे म्हणून त्या काळी ज्या वस्तू चालत, त्या अशा होत्या, आणि त्या मिळण्याची जागा म्हणजे जहाजं लागणारं बंदर. आपल्या मुलखापासून शेकडो मैल दूर, नव्या दोस्तांच्या आणि जुन्या वैऱ्यांच्या मधून चाललेल्या राजाने विषाची काळजी घेऊ नये तर काय करावं? यात अंधश्रद्धा पाहणारा मी होतो. त्या काळच्या उत्तमातल्या उत्तम वैद्याने हेच आणायला सांगितलं असतं.

किल्ल्यातल्या मंडळींनी काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. सर विल्यम लँगहॉर्न तेव्हा तिथला मुख्य होता. त्याच्या बैठकीत ठरलं की मागितलेल्या वस्तू द्यायच्या, सोबत किल्ल्याच्या बागेतली फळं आणि एक सभ्य पत्र आपल्या माणसाबरोबर पाठवायचं, आणि निरोप घेऊन आलेल्या ब्राह्मणाला तीन वार बनात आणि चंदन द्यायचं. एवढ्या किरकोळ वस्तूंचे पैसे मागायचे नाहीत. कारणही त्यांनी लिहून ठेवलं आहे: हा माणूस फार मोठा आहे, दिवसेंदिवस वाढतो आहे, आणि त्याची मैत्री कंपनीच्या कामाची आहे. जूनमध्ये असंच आणखी एक मागणं आलं, तेही त्यांनी भागवलं.

हे सगळं मी वाचलं होतं, आणि तरी देवळाच्या गोष्टीवरचा माझा विश्वास तसाच होता. पुढे काही पानांवर ऑक्टोबरची नोंद आली.

ती पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला. नोंदीची तारीख होती ३ ऑक्टोबर १६७७. देवळात लिहिलेली तीच तारीख! मजकूर असा: शिवाजी राजांनी २२ सप्टेंबरला लिहिलेलं पत्र त्यांच्या दोन हेरांनी आणून दिलं आहे, त्यांना आपल्याकडून इंजिनिअर, म्हणजे वेढ्याच्या कामातले जाणकार हवे आहेत, त्यांना नम्रपणे नकार कळवला आहे. नकाराची कारणं दिली आहेत आणि शेवटी लिहिलं आहे की या सगळ्या भागात त्यांचे हेर पसरले आहेत, आणि ते स्वतः सैन्यासह इकडे सरकून इथून दोन दिवसांच्या मजलेवर आले आहेत.

आणखी काय हवं होतं? देऊळ म्हणतं ३ ऑक्टोबर. किल्ला, म्हणजे शत्रू म्हणा हवं तर, म्हणतो ३ ऑक्टोबर. महाराज दोन मजलांवर, हेर शहरात. मी त्या पानाची प्रत काढली आणि मनातल्या मनात भाच्याला सुनावलं: घे तुझा पुरावा.

ती प्रत मी पहिल्यांदा दाखवली शेजारच्या ऑडिटर मामांना. चेन्नईत चार्टर्ड अकाउंटंटला ऑडिटर म्हणायची पद्धत आहे, आणि आमची मुलं त्यांना लहानपणापासून मामा म्हणतात, म्हणून आम्हीही. वय झालेलं, पण सकाळचा 'हिंदू' ते अजून हातात पेन्सिल घेऊन वाचतात. त्यांनी ती नोंद सावकाश दोनदा वाचली. मग म्हणाले, "ही तारीख कशाची आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, महाराज आले त्या दिवसाची.

"तसं इथे लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "व्यवहार झाला ती तारीख वेगळी आणि वहीत चढवला ती वेगळी. ही वहीत चढवल्याची तारीख आहे. पत्र लिहिलं २२ सप्टेंबरला. ते किल्ल्यात कधी पोचलं, लिहिलेलं नाही. नकार कधी गेला, तेही नाही. तो गेला आहे एवढंच. ३ ऑक्टोबर हा फक्त इंग्रज एका खोलीत बसून लिहीत होते तो दिवस. तुमचे राजे त्या दिवशी कुठे होते, याच्याशी त्या दिवसाचा संबंध काय?"

मी गप्प झालो. त्यांनी पुढे आणखी एक गोष्ट विचारली, अगदी सौम्यपणे. देवळातली तारीख इंग्रजी कशी? १६७७ साली देवळातल्या माणसांनी आठवण ठेवली असती तर ती तिथीने ठेवली असती, तमिळ महिन्याने ठेवली असती. ३ ऑक्टोबर ही तारीख तिथे कोणी आणि कुठून आणली?

त्या रात्री झोप लागली नाही. जी जुळणी मला पुरावा वाटत होती तीच माझ्या विरुद्ध उभी राहिली होती. समजा, महाराज खरोखर गुपचूप देवळात आले. वर्षाच्या कोणत्याही दिवशी ते येऊ शकत होते. नेमके ज्या दिवशी लँगहॉर्नची बैठक भरून त्यांच्या पत्राची नोंद झाली त्याच दिवशी ते आले, असं व्हायला काही कारण नाही. उलट, पुढे कधीतरी कोणी तरी छापील नोंदीत शिवाजी राजांचं नाव, 'दोन दिवसांची मजल' आणि ३ ऑक्टोबर वाचलं, आणि देवळात चालत आलेल्या आठवणीला ती तारीख जोडली, हे सहज होऊ शकतं. इंग्रजांचं त्या वेळचं कॅलेंडरही जुनं होतं. इंग्लंडने नवं कॅलेंडर घेतलं १७५२ साली. त्यामुळे किल्ल्यातला ३ ऑक्टोबर म्हणजे आजच्या हिशेबाने १३ ऑक्टोबर. महाराजांचा जन्मदिवस १९ फेब्रुवारी आपण ज्या जुन्या हिशेबाने धरतो, तोच हा हिशेब. म्हणून एवढ्यावरून काही ठरत नाही. पण तारखेचा जन्म देवळात नव्हे, किल्ल्यात झाला असावा, हा माझा संशय त्या रात्री पक्का झाला आणि अजून तसाच आहे.

दुसरी बाजूही तपासली. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर लिहिली ती जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. जिंजी म्हणजे मद्रासपासून दीडशे किलोमीटर. महाराजांच्या या स्वारीत बरोबर असलेली माणसं तेव्हा हयात होती. श्रीशैलावर महाराजांची भक्ती कशी उचंबळून आली, ते सभासद सविस्तर सांगतो. चेन्नपट्टणच्या देवीचा तो उल्लेखही करत नाही.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी थांबलो नाही. इतकी वर्षं आपण फसलो या रागात मी पार दुसऱ्या टोकाला गेलो. आता कोणी पाहुणे आले की मी त्यांना देवळात नेऊन, तारखेसमोर उभं करून, हे सगळं बनावट कसं ते समजावून सांगू लागलो. पूर्वी जेवढ्या आवेशाने हो म्हणत होतो तेवढ्याच आवेशाने नाही म्हणत होतो. बायकोच्या एक मावशी आल्या होत्या, सांगलीकडच्या. पायऱ्यांवर मी त्यांना बैठक, वही, कॅलेंडर सगळं ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे महाराज आले नव्हते हे तुला कळलंय?" मी म्हटलं, तसं नाही, आल्याचा पुरावा नाही. "मग एवढा वेळ नव्हते आले, नव्हते आले असं का सांगत होतास?" एवढं बोलून त्या ओटीचं सामान घेऊन आत गेल्या.

मला आज वाटतं, माझं मन खऱ्या अर्थाने बदललं ते त्या पायऱ्यांवर. मामांनी माझी गोष्ट मोडली होती, पण माझी सवय तशीच होती. माझी खरी अडचण देवळातली तारीख नव्हती. मला खात्री लागत होती. ती कशाची, याला फारसं महत्त्व नव्हतं. भाच्याला झिडकारणारा मी आणि मावशींना व्याख्यान देणारा मी, दोघे एकच होतो.

घरी येऊन मी ती नोंद परत काढली आणि या वेळी काहीही सिद्ध करायचं नाही असं ठरवून वाचली. मग शेवटच्या ओळीचं वजन कळलं. हेर सगळीकडे पसरले आहेत असं लिहिणारे इंग्रज होते, आणि पत्र त्यांच्या हातात देणारे दोघेही हेरच होते. म्हणजे महाराजांची माणसं शहरात येत-जात होती, याला किल्ल्याचीच साक्ष आहे. आणि देऊळ होतं कुठे? १६७७ सालची काळी वस्ती, म्हणजे हिंदी लोकांची तटबंदीतली वस्ती, आज हायकोर्ट आहे त्या भागात होती. तिची उत्तरेची कड साधारण आजच्या एन. एस. सी. बोस रोडच्या आसपास. तंबू चेट्टी स्ट्रीट त्या रस्त्याच्या उत्तरेला सुरू होतो. देवी आधी किल्ल्याच्या जागेजवळ होती आणि किल्ला झाल्यावर आत्ताच्या जागी आली, अशी आठवण सांगतात. ती धरली, तर तिथे जायला कोणाला किल्ल्याचा दरवाजा ओलांडावा लागत नव्हता. वस्तीच्या तटाच्या आतही शिरावं लागत नव्हतं.

महाराजांचा तळ कसा होता, याचंही वर्णन आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंचांचा प्रमुख फ्राँस्वा मार्तँ याने त्या वर्षी जेर्मँ नावाचा आपला माणूस महाराजांच्या छावणीत पाठवला होता. त्याला तिथे कसलाही थाटमाट दिसला नाही. बायका नाहीत, सामानसुमान नाही, फक्त दोन तंबू, तेही साध्या जाड कापडाचे आणि लहान. एक राजाचा, एक प्रधानाचा. असा राजा चार स्वारांनिशी दोन मजला कापून पहाटे एखाद्या देवळात येऊन गेला असता, तर बैठकीच्या वहीत त्याची नोंद होणारच नव्हती. जो येऊन गेल्याचं कळलंच नाही, त्याची नोंद कोण करणार?

म्हणजे गाठ सुटत नाही. तारीख बहुधा उसनी आहे. पण तारीख उसनी असली म्हणून तिच्या मागची आठवण उसनीच असेल, असं म्हणता येत नाही. विश्वकर्मा समाज, म्हणजे सोनार, लोहार, सुतार, कासार आणि पाथरवट, हे देऊळ पिढ्यान् पिढ्या सांभाळत आला आहे. त्यांच्या घरांत ही गोष्ट छापील पुस्तकांच्या आधीपासून चालत होती की नंतर आली, हे त्यांना विचारायला हवं होतं. इतकी वर्षं तिथे जाऊन मी फक्त सांगत राहिलो. देवळातल्या एकाही माणसाशी मी बसून बोललो नव्हतो. मला फक्त ती तारीख हवी होती.

आता मी काय सांगतो? पाहुणे अजून येतात आणि आम्ही अजून तिथे जातो. तारखेपुढे मी थांबतो आणि म्हणतो की देवळात अशी आठवण आहे; तिला कागदाचा आधार मला सापडलेला नाही; आणि ही तारीख किल्ल्याच्या वहीतल्या एका नोंदीशी जुळते, ते असं असं. मग जे नक्की आहे ते सांगतो, कारण तेच मी सगळ्यात जास्त दडवलं होतं. मे महिन्यात एक ब्राह्मण दोन माणसांसह किल्ल्यात गेला आणि त्याने विषावरचे उतारे मागितले. सप्टेंबरच्या पत्राने वेढ्याची माणसं मागितली. पहिलं इंग्रजांनी फुकट दिलं, दुसरं नाकारलं.

हा नकार नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा राजकारणाचा पेच त्यात आहे. मद्रासची जमीन गोवळकोंड्याच्या कुतुबशहाची होती. इंग्रज त्याला वर्षाला १२०० पगोडे भरत. महाराज कुतुबशहाचे दोस्त म्हणून, त्याच्या मदतीवर दक्षिणेत उतरले होते. पण जिंजी घेतल्यावर ती त्यांनी कुतुबशहाच्या हवाली केली नाही, स्वतःकडे ठेवली आणि तिची डागडुजी सुरू केली. म्हणजे दोस्तीत आता तेढ येणार, हे मद्रासमध्ये बसलेल्या व्यापाऱ्यांना दिसत होतं. खडे आणि फळं दिली तर कोणी रागावणार नव्हतं. इंजिनिअर दिले तर महाराज आणखी बळावणार, आणि गोवळकोंडा व मोगल दोघेही उलटणार. हेच त्यांनी नोंदीत लिहिलं आहे. महाराजांनाही हा पेच ठाऊक असणार. तरी मागून पाहिलं. पाच महिन्यांत त्यांनी किल्ल्याचा स्वभाव तपासला: कुठवर देतात, कुठे हात आखडतात. मला तरी मे महिन्यातलं ते पत्र आता तसं दिसतं. ज्याची मला लाज वाटत होती, त्या मागण्यात औषधाची गरज होतीच, पण किल्ल्यात माणूस शिरवायची वाटही होती. हे माझं मत आहे, नोंद नाही, आणि पाहुण्यांना मी तसंच सांगतो.

परवा भाचा आला होता, बरोबर त्याची मुलगी. तिने वाचून विचारलं, "खरंच आले होते का?" मी म्हटलं, माहीत नाही. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता: इंजिनिअर कशाला हवे होते त्यांना?

पत्रामागचं कारण नोंदीत लिहिलेलं नाही. पण त्या वेळी मराठ्यांचा एक वेढा अडून बसला होता, वेल्लोरचा. भुईकोट किल्ला, भोवती मगरींनी भरलेला रुंद खंदक, आणि आत विजापूरचा अब्दुल्लाखान. १६७७ च्या मे महिन्यात वेढा पडला होता आणि किल्ला हलत नव्हता. समोरच्या डोंगरांवर मराठ्यांनी साजरा आणि गोजरा अशा दोन गढ्या बांधल्या आणि तिथून मारा चालू ठेवला. मद्रासहून कोणीही जाणकार आला नाही. वेढा वर्षाहून जास्त चालला आणि १६७८ साली वेल्लोर मराठ्यांच्या हाती आलं. चेन्नईहून तिकडे जायला रेल्वेने साधारण अडीच तास लागतात. खंदक अजून आहे आणि साजरा-गोजराचे डोंगरही. देवळात येणाऱ्यांनी एक दिवस जास्त काढून तेही पाहून यावं.